कुशिंग, बेनब्रिज आणि कीमोरिफ्लेक्स: नाडी कधी मंदावते, कधी धावते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकीय आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवताना हे तीन रिफ्लेक्स आले की वर्गात गोंधळ होतो. प्रत्येकाची व्याख्या पाठ असते, पण खाटेवरच्या रुग्णाची नाडी त्या व्याख्येप्रमाणे वागत नाही. अडचण बहुतेक वेळा एकच असते. पुस्तक एका वेळी एक रिफ्लेक्स सांगतं, शरीरात मात्र ते एकमेकांशी झटत असतात. वर्गात आणि वॉर्डात मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं याच अंगानं दिली आहेत.

हे तिघे एकत्र का शिकायचे? रोजचं काम तर बॅरोरिफ्लेक्स करतोच ना?

करतो. तुम्ही झोपेतून उठून उभे राहता तेव्हा मानेतल्या कॅरोटिड रोहिणीच्या आणि महारोहिणीच्या भिंतीतले ताण ओळखणारे मज्जातंतू काही क्षणांत रक्तदाब सांभाळतात. दाब चढला तर नाडी मंद, दाब उतरला तर नाडी जलद, हा त्यांचा सरळ व्यवहार आहे.

बाकीचे तिघे दाबापेक्षा वेगळी गोष्ट मोजतात. कुशिंगची प्रतिक्रिया मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना रक्त पोचतंय का, हे पाहते. बेनब्रिजची प्रतिक्रिया हृदयाच्या अलिंदात किती रक्त भरलंय, हे पाहते. कीमोरिफ्लेक्स रक्तात ऑक्सिजन किती, कार्बन डायऑक्साइड किती आणि आम्लता किती, हे पाहतो. मोजण्याच्या जागा तीन आहेत, पण हुकूम पोचवायच्या वाटा दोनच: नाडी मंदावणारी व्हेगस, आणि नाडी वाढवून रक्तवाहिन्या आवळणारी सिम्पथेटिक यंत्रणा. त्यामुळे एकाच नाडीवर दोन-तीन हुकूम एकदम येऊन पडतात. तुम्ही मनगटावर मोजता तो आकडा त्या सगळ्या ओढाताणीतून उरलेला असतो.

कुशिंग प्रतिक्रियेत नेमकं काय घडतं?

कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतालचं पाणी असतं. चौथी वस्तू आत शिरली, म्हणजे रक्ताची गाठ, ट्यूमर किंवा सूज, तर सुरुवातीला थोडं पाणी पाठीच्या कण्याकडे सरकतं, थोडं नीलांमधलं रक्त बाहेर जातं आणि दाब फारसा वाढत नाही. ही सवड संपली की मात्र थोड्याशा वाढीनंही दाब झपाट्यानं चढतो. मोठ्या माणसात कवटीतला दाब एरवी साधारण ५ ते १५ मिमी पारा असतो.

मेंदूत रक्त ढकलणारा खरा दाब म्हणजे सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा करून उरलेला. त्याला इथे आपण पुरवठा-दाब म्हणू. कवटीतला दाब चढत गेला की पुरवठा-दाब घसरतो आणि मेंदूच्या देठातल्या, रक्तवाहिन्यांचा ताण ठरवणाऱ्या पेशी उपाशी पडू लागतात. त्यांच्याभोवती कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल साचतं. त्या पेशी मग सिम्पथेटिक यंत्रणेला जवळजवळ पूर्ण जोरात कामाला लावतात. हातापायांच्या, आतड्यांच्या, मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब कवटीतल्या दाबाच्या वर चढतो. बाकीच्या शरीराचं रक्त तोडून मेंदूला दिलेलं असतं.

रक्तस्रावानं दाब फार खाली गेला तरी याच पेशी अशाच जाग्या होतात. सरासरी दाब ६० मिमीच्या खाली गेल्यावर त्या हालचाल सुरू करतात, आणि १५ ते २० मिमीला त्यांचा जोर सर्वाधिक असतो. म्हणजे ही रोजची व्यवस्था नव्हे. बाकी सगळं हरल्यावरची शेवटची धडपड आहे.

मग सिम्पथेटिक इतकी जोरात असताना नाडी मंद कशी?

हा प्रश्न ज्याला पडतो त्याला विषय समजू लागला आहे, असं मी मानते. सिम्पथेटिकनं नाडी वाढायला हवी, आणि अगदी सुरुवातीला ती काही वेळा वाढतेही. पण रक्तदाब चढला की मानेतला बॅरोरिफ्लेक्स जागा होतो. कवटीत काय चाललंय याची त्याला खबर नसते. त्याला फक्त दाब फार वाढलेला दिसतो, म्हणून तो व्हेगसमार्फत नाडी खाली ओढतो. आवळलेल्या रक्तवाहिन्या सोडवणं त्याच्या हाती उरत नाही, कारण तिथे उपाशी पेशींचा हुकूम त्याच्यापेक्षा भारी पडतो. हृदयाच्या गतीवर मात्र व्हेगस जिंकते. प्रयोगात दोन्ही व्हेगस नसा कापल्या तर रक्तदाब तसाच चढतो आणि नाडी मंदावत नाही.

एवढ्यानं सगळं उलगडतं असं नाही. काही वेळा रक्तदाब पुरता चढण्याआधीच नाडी मंदावलेली दिसते. तिथे मेंदूच्या देठावरचा दाब व्हेगसच्या केंद्राला थेट डिवचत असावा.

मंद नाडीमुळे आणखी एक खूण तयार होते. दोन ठोक्यांमध्ये हृदयाला भरायला जास्त वेळ मिळतो आणि प्रत्येक ठोका मोठा पडतो. त्यामुळे वरचा दाब खूप चढतो, खालचा तितका नाही, आणि दोन्हींतलं अंतर रुंदावतं.

हे शोधलं कोणी आणि कसं?

अमेरिकी शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग १९०० च्या सुमारास युरोपात शिकायला गेले होते. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे थिओडोर कोखर आणि ह्युगो क्रोनेकर यांच्याकडे त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. कवटीत मिठाचं पाणी ठराविक दाबानं सोडायचं आणि रक्तदाब टिपायचा, अशी रीत होती. कवटीला भोक पाडून त्यांनी त्यात काचेची खिडकीही बसवली. दाब वाढवला की मेंदूवरच्या रक्तवाहिन्या पांढऱ्या पडताना दिसत. थोड्या वेळानं रक्तदाब चढून कवटीतल्या दाबाला मागे टाकी, आणि त्याच वाहिन्या पुन्हा लाल होत. कवटीतला दाब आणखी वाढवला की रक्तदाब पुन्हा त्याच्या वर जाई. १९०१ आणि १९०२ मध्ये हे काम छापून आलं. कवटीतला दाब वाढल्यावर नाडी मंदावते हे जर्मन संशोधकांनी आधी नोंदवलं होतं. रक्तदाब कवटीतल्या दाबाच्या मागोमाग पायरी पायरीनं चढतो, हे इतकं स्वच्छ दाखवलं ते कुशिंग यांनी.

एखाद्या रुग्णाच्या आकड्यांवर समजावून सांगाल का?

समजा, २८ वर्षांचा तरुण दुचाकीवरून पडला. हेल्मेट नव्हतं. दवाखान्यात आला तेव्हा बोलत होता, थोडा गोंधळलेला होता. रक्तदाब १२४/७८, नाडी ९२. सरासरी रक्तदाब काढायला खालच्या दाबात दोन्ही दाबांच्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा. इथे तो ९३ येतो. कवटीतला दाब तेव्हा १० धरला, तर पुरवठा-दाब ८३. मेंदूला पुरेसं रक्त आहे.

दोन तासांनी तो हाकेला ओ देईना. उजवी बाहुली मोठी झाली होती आणि प्रकाशाला आकसत नव्हती. श्वास मध्येच थांबत होता, मध्येच भराभर चालत होता. रक्तदाब १९०/८८, नाडी ५०. कवटीच्या हाडाखाली रक्त साचून मेंदू खाली ढकलला जाऊ लागला होता. कवटीतला दाब ५५ झाला असं धरू. सरासरी रक्तदाब आता १२२ आहे, म्हणजे पुरवठा-दाब ६७.

आता हेच उलटं करून पाहा. प्रतिक्रिया आलीच नसती आणि सरासरी रक्तदाब ९३ वरच राहिला असता, तर ९३ वजा ५५ म्हणजे ३८ उरले असते. मेंदूला दुखापत झालेल्या मोठ्या माणसात पुरवठा-दाब ६० ते ७० च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करतात. ३८ वर मेंदूचा मोठा भाग उपाशी राहिला असता. १९० हा आकडा पाहून धडकी भरते खरी, पण त्या तासाला तो मुलगा त्याच आकड्यावर तगून होता.

मग १९० चा दाब औषधानं उतरवायचा नाही?

कवटीतला दाब तसाच ठेवून फक्त रक्तदाब उतरवायचा नाही. याच रुग्णाला कोणी घाईनं रक्तदाब उतरवणारं इंजेक्शन दिलं आणि दाब १३०/८० वर आणला, तर सरासरी ९७ होईल आणि पुरवठा-दाब ४२ वर कोसळेल. कागदावर रक्तदाब सुंदर दिसेल आणि मेंदू मरत जाईल. मंद नाडी पाहून अ‍ॅट्रोपिन देण्याचा मोहही याच जातीचा आहे. त्यानं आकडा सुधारतो, कवटीतली गाठ जागची हलत नाही.

काम करायचं ते कवटीतल्या दाबावर. डोक्याकडची बाजू सुमारे ३० अंश वर आणि मान सरळ ठेवायची, म्हणजे मानेतल्या नीला दबत नाहीत. श्वास सांभाळायचा आणि ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नाही. मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचं सलाइन द्यायचं. मॅनिटॉलचा डोस वजनाच्या दर किलोला पाव ते एक ग्रॅम असतो. ६० किलोच्या माणसाला अर्धा ग्रॅम धरला तर ३० ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या बाटलीतलं १५० मिली. रक्तस्रावानं दाब आधीच खाली असेल तर मॅनिटॉल घातक ठरू शकतं, कारण ते लघवीवाटे पाणी काढतं. हे सगळं शस्त्रक्रियेपर्यंत वेळ मिळवण्यासाठी असतं. हाडाखालचं रक्त काढणं हाच खरा इलाज. ज्या दवाखान्यात न्यूरोसर्जन नाही तिथून रुग्ण हलवण्याचा निर्णय याच वेळी झालेला असायला हवा.

तिन्ही खुणा दिसल्या की निदान, नाही दिसल्या तर चिंता नाही, असं म्हणता येईल?

मुळीच नाही. चढलेला रक्तदाब, मंद नाडी आणि बेताल श्वास ही त्रयी उशिरा येते आणि अनेकांत पूर्ण दिसतच नाही. ती दिसते तेव्हा मेंदू बहुधा देठाकडे सरकू लागलेला असतो. शुद्ध हरपत जाणं, वाढती डोकेदुखी, उलट्या, बाहुलीतला फरक या खुणा आधी येतात. म्हणून दर अर्ध्या तासाला रुग्णाला हाक मारून, डोळ्यांवर उजेड टाकून पाहणारी नर्स ही त्रयीची वाट पाहणाऱ्या डॉक्टरच्या पुढे असते.

बेनब्रिज प्रतिक्रिया कुशिंगच्या उलट आहे का?

उलट म्हणण्यापेक्षा तिचा प्रश्नच वेगळा आहे. १९१५ मध्ये फ्रान्सिस बेनब्रिज यांनी भूल दिलेल्या कुत्र्यांच्या मानेतल्या नीलेत रक्त किंवा मिठाचं पाणी सोडलं. हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब वाढला की नाडी वाढली, रक्तदाब न बदलताही वाढली. व्हेगस नसा कापल्यावर ही वाढ नाहीशी झाली. नीलांतून आलेलं जादा रक्त साचू न देता पुढे ढकलायचं, असा या प्रतिक्रियेचा अर्थ लावला गेला.

ताण ओळखणारे मज्जातंतू मोठ्या नीला अलिंदाला मिळतात त्या सांध्यांवर दाटीनं असतात. या मज्जातंतूंचं बारकाईचं वर्णन एका भारतीय शास्त्रज्ञानं केलं, हे मी दर वर्षी वर्गात मुद्दाम सांगते. पुढे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक झालेले ऑतार सिंग पेंटल यांनी १९५३ मध्ये मांजरांच्या व्हेगसमधल्या एकेका तंतूचे संदेश टिपले. त्यांना दोन प्रकार दिसले. एक अलिंद आकुंचन पावताना बोलतो, दुसरा अलिंद भरत असताना. त्यांनी त्यांना ए आणि बी अशी नावं दिली. रक्त किती भरलंय याची खबर मुख्यतः बी देतात.

नंतर इंग्लंडमध्ये लीड्सला लिंडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या नीला जिथे डाव्या अलिंदाला मिळतात तिथे छोटे फुगे फुगवून पाहिले. रक्तप्रवाह न अडवता नुसता तो सांधा ताणला तरी नाडी वाढली आणि लघवीही वाढली. नाडी वाढवणारा हुकूम सिम्पथेटिकच्या वाटेनं हृदयाच्या लय ठरवणाऱ्या गाठीकडे गेला, हृदयाच्या आकुंचनाचा जोर मात्र तसाच राहिला. कुशिंगमध्ये सिम्पथेटिक सगळ्या शरीरावर सुटते. इथे ती वेचून एका ठिकाणी बोट ठेवते. मूत्रपिंडाकडे जाणारी सिम्पथेटिक तर या वेळी उलट शांत होते.

पण सलाइन दिल्यावर आम्ही नाडी उतरताना पाहतो. मग बेनब्रिज खोटा?

खोटा नाही, त्या वेळी तो हरलेला असतो. जुलाबांनी सुकलेल्या रुग्णाची नाडी १३० असते, कारण रक्त कमी पडल्यानं बॅरोरिफ्लेक्सनं ती चढवून ठेवलेली असते. तुम्ही ५०० मिली सलाइन देता तेव्हा दोन गोष्टी एकदम होतात. अलिंद भरतं, आणि बेनब्रिज सांगतो, नाडी वाढव. रक्तदाब सुधारतो, आणि बॅरोरिफ्लेक्स सांगतो, आता एवढी घाई नको. सुकलेल्या माणसात दुसरा आवाज फार मोठा असतो, म्हणून नाडी ११० वर येते.

रक्ताचं प्रमाण आधीच पुरेसं असेल आणि त्यात भर पडली, तर बेनब्रिजचं पारडं जड होतं. शुद्धीवरच्या कुत्र्यांत रक्ताचं प्रमाण कमी-जास्त करून पाहिलं तेव्हा नाडी दोन्ही टोकांना वाढली. कमी रक्ताला बॅरोरिफ्लेक्समुळे वाढली, जादा रक्ताला बेनब्रिजमुळे. आलेख काढला तर तो खोलगट वाटीसारखा दिसतो. त्यामुळे सलाइननंतर नाडी कुठे जाईल हे विचारण्याआधी रुग्ण त्या वाटीत कुठे उभा आहे ते विचारा.

माणसात बेनब्रिज कितपत चालतो?

कुत्र्यापेक्षा बराच दुबळा. माणसात आणि माकडांत बॅरोरिफ्लेक्स वरचढ असतो. आपण दोन पायांवर उभे राहणारे, आपल्याला रक्त खाली साचण्याचा धोका अधिक, हे त्यामागचं कारण असावं असं मला पटतं.

तरी त्याच्या पाऊलखुणा दिसतात. श्वास आत घेताना छातीत रक्त ओढलं जातं आणि नाडी किंचित वाढते. यातला मोठा वाटा मेंदूतल्या श्वसनकेंद्राचा असतो, थोडा अलिंदाच्या ताणाचाही. उलट टोक पाठीत भूल दिल्यावर दिसतं. पायांतल्या नीला सैल पडतात, हृदयाकडे येणारं रक्त घटतं, अलिंद रिकामं होतं, आणि रक्तदाब पडलेला असूनही काही रुग्णांची नाडी मंदावते. याला उलटा बेनब्रिज म्हणतात. भूल छातीच्या वरच्या भागापर्यंत चढली तर हृदयाला जाणारे सिम्पथेटिक तंतूही बंद पडतात आणि मंदपणा वाढतो. अशा वेळी पाय वर उचलणं हा साधा उपायही अलिंद भरण्याचाच असतो.

कीमोरिफ्लेक्सचं यंत्र कुठे असतं?

मानेत कॅरोटिड रोहिणीला दोन फाटे फुटतात तिथे, तांदळाच्या दाण्याएवढ्या कॅरोटिड बॉडीत. असेच लहान पुंजके महारोहिणीच्या कमानीजवळही असतात. बॅरोरिफ्लेक्सचे तंतू अगदी शेजारी, रोहिणीच्या भिंतीत आहेत. विद्यार्थी या दोन जागा एकच समजतात, तसं नाही. भिंत ताण मोजते, दाणा रक्त चाखतो. मानेतली खबर ग्लॉसोफॅरिंजियल नसेनं जाते, कमानीजवळची व्हेगसनं. बेल्जियममधल्या गेंटचे कोर्नेय हेमान्स यांना या शोधासाठी १९३८ चं नोबेल मिळालं. स्पेनच्या फर्नांडो दे कास्त्रो यांनी त्याआधीच सूक्ष्मदर्शकाखाली रचना पाहून हा अवयव रक्ताची चव घेत असावा असं मांडलं होतं.

रोहिणीतल्या ऑक्सिजनचा दाब एरवी ९५ मिमीच्या आसपास असतो. तो ६० च्या खाली गेला की या दाण्यातून जाणारे संदेश झपाट्यानं वाढतात. सोबत कार्बन डायऑक्साइड वाढला असेल तर आणखी.

ऑक्सिजन कमी झाला की नाडी वाढते की कमी होते? पुस्तकात दोन्ही लिहिलंय.

दोन्ही खरं आहे, आणि दुवा आहे श्वासाचा. कीमोरिफ्लेक्सचा स्वतःचा हुकूम असा: रक्तवाहिन्या आवळ, नाडी मंद कर, श्वास वाढव. पहिल्या दोन्हींत ऑक्सिजन वाचतो, तिसऱ्यानं तो मिळवला जातो. पण श्वास खोल झाला की फुप्फुसं ताणली जातात आणि तो ताण व्हेगसचा नाडीवरचा लगाम ढिला करतो. भराभर श्वासानं कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यानंही नाडीला मोकळीक मिळते. निकाल म्हणून नाडी वाढते.

मायकल डी बर्ग डॅली आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर हे उलगडून दाखवलं. कुत्रं स्वतः श्वास घेत असताना कॅरोटिड बॉडीला चेतवलं तर नाडी बहुधा वाढे. श्वास यंत्रानं ठराविक ठेवला आणि तेच चेतवलं, तर नाडी मंदावे. म्हणजे मंदपणा हा मूळ हुकूम, आणि श्वास चालू असेपर्यंत तो झाकलेला राहतो. घाट चढून वर गेलेल्या माणसाची नाडी धावते, कारण तो धापा टाकू शकतो.

हा झाकलेला मंदपणा उघडा कधी पडतो?

ऑक्सिजन घटतोय आणि श्वास चालत नाही, अशा प्रत्येक वेळी. भूल देताना स्नायू सैल करणारं औषध दिलं आहे आणि नळी घालायला वेळ लागतोय, अशी वेळ घ्या. ऑक्सिजनचं प्रमाण ९८ वरून ८५, मग ७० वर जातं. नाडी आधी थोडी वाढते, मग ९० वरून ६०, मग ४० वर येते. बोटावरचं यंत्र मागचा आकडा दाखवत असतं, अर्ध्या मिनिटाचा किंवा अधिकही उशीर असतो. म्हणून अशा वेळी पडणारी नाडी ही यंत्रापेक्षा ताजी खबर असते. तिथे इलाज म्हणजे ऑक्सिजन आत पोचवणं. मास्कनं चार चांगले श्वास दिले की फुप्फुसं ताणली जातात, रक्त सुधारतं आणि नाडी वर येते. अ‍ॅट्रोपिन मागवण्याआधी हात मास्ककडे गेला पाहिजे.

नवजात बाळात हेच अधिक ठळक असतं. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाची नाडी १०० च्या खाली गेली की पहिलं काम पिशवी-मास्कनं श्वास देणं. नाडी वर येणं हीच श्वास नीट पोचल्याची सर्वांत भरवशाची खूण मानतात. झोपेत घशाची वाट बंद होऊन घोरणं थांबतं, तेव्हाही असंच घडतं. श्वास अडलेला असताना नाडी मंदावते, रक्तवाहिन्या आवळत जातात. मग माणूस दचकून श्वास घेतो, नाडी उसळते, आणि आवळलेल्या वाहिन्यांवर ती पडल्यानं रक्तदाब झपकन चढतो. रात्रभरात हे शेकडो वेळा झालं तर दिवसाचा रक्तदाबही चढा राहू लागतो.

कोळशाच्या धुरानं गुदमरलेला माणूस धापा का टाकत नाही?

कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवरची ऑक्सिजनची जागा बळकावतो, पण रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब तसाच राहतो. कॅरोटिड बॉडी मोजते तो हा दाब. शिवाय तिच्या आकारमानाच्या मानानं तिला इतकं भरपूर रक्त मिळतं की विरघळलेल्या ऑक्सिजनवरच तिचं भागतं. म्हणून ती गप्प राहते आणि माणूस न धापता बेशुद्ध होतो. तीव्र रक्तक्षयातही विश्रांतीच्या वेळी ती अशीच शांत असते.

मंद नाडी आणि चढलेला रक्तदाब एकत्र दिसला. कुशिंग की कीमोरिफ्लेक्स, कसं ओळखायचं?

आधी श्वास आणि ऑक्सिजन पाहा, कारण तो सुधारायला एक मिनिट लागतं आणि उत्तरही तिथेच मिळू शकतं. ऑक्सिजन घटला, मग नाडी पडली, आणि श्वास दिल्यावर लगेच सुधारली, तर कीमोरिफ्लेक्स. ऑक्सिजन ९८ आहे, श्वास पोचतोय, तरी नाडी ५० आणि दाब १९०, शिवाय शुद्ध हरपतेय किंवा बाहुल्या असमान आहेत, तर कवटीत पाहा आणि वाट पाहू नका.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णात दोन्ही एकत्र असू शकतात, आणि ती जोडी फार वाईट. जीभ मागे पडून श्वास अडला की ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड साचतो. त्यानं मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कवटीतलं रक्त वाढतं आणि दाब आणखी चढतो. अशा रुग्णाचा श्वासमार्ग मोकळा करणं हा एकाच वेळी दोन्ही रिफ्लेक्सवरचा इलाज असतो. रक्तदाबाच्या गोळ्यांनी मंद ठेवलेली नाडी किंवा भुलेत दिलेलं रक्तवाहिन्या आवळणारं औषध हीही कारणं असतात, म्हणून औषधांचा कागद पाहायला विसरू नका.

हृदय बदललेल्या माणसात हे तिन्ही रिफ्लेक्स चालतात का?

दात्याचं हृदय काढताना त्याच्या व्हेगस आणि सिम्पथेटिक दोन्ही नसा तुटतात. म्हणून त्याची विश्रांतीची नाडीच ९० ते ११० असते, लगाम धरणारी व्हेगस नसते. नव्या अलिंदाचा ताण मेंदूला कळत नाही, त्यामुळे बेनब्रिजची वाट तुटलेली असते. कुशिंग आणि कीमोरिफ्लेक्स यांची मोजणारी यंत्रं मात्र शाबूत असतात, आणि रक्तवाहिन्या आवळणारे तंतूही. अशा माणसाच्या कवटीत दाब वाढला तर रक्तदाब चढेल, नाडी मात्र व्हेगसच्या हुकमानं मंदावणार नाही. अ‍ॅट्रोपिन दिलं तरी नाडीवर काही परिणाम दिसणार नाही, कारण जिचा हुकूम अडवायचा ती नसच तिथे जोडलेली नसते. काही रुग्णांत वर्षांनंतर थोडे तंतू पुन्हा उगवतात, प्रत्येकात सारखे नाहीत. तोवर या माणसाच्या डोक्याला मार लागला, तर मंद नाडीची वाट न पाहता त्याच्या बाहुल्या आणि शुद्ध यांवरच लक्ष ठेवावं लागतं.